150+ क्लायंट, लोगोंची रांग आणि 340 टक्के वाढ: यातलं प्रोफाइलवर काय टिकतं?

प्रश्न: चार वर्षांपासून मी स्वतंत्रपणे कंपन्यांची लँडिंग पेज आणि चौकशीचे फॉर्म सुधारून देतो. माझ्या यादीत 152 नावं आहेत. काही मोठ्या कंपन्यांचं काम एजन्सीमार्फत केलंय. एका क्लायंटकडे महिन्याला 12 चौकश्या यायच्या, त्या 41 झाल्या. लिंक्डइनवर ‘150+ क्लायंट’, त्यांचे लोगो आणि ‘340 टक्के वाढ’ असं टाकू का? खोटं वाटायला नको, पण फिकंही पडायला नको.

उत्तर:

340 आधी काढून टाका, कारण तो गणितातच चुकलाय. 41 हे 12 च्या सुमारे 342 टक्के आहेत हे खरं, पण वाढ 29 ची आहे, म्हणजे 242 टक्के. ‘तिप्पट झालं’ आणि ‘तीनशे टक्क्यांनी वाढलं’ यांची गल्लत फार सर्रास होते. हिशेबाच्या माणसाला ती लगेच दिसते, आणि मग तो बाकीचं प्रोफाइल त्याच नजरेने वाचतो.

पण 242 सुद्धा लिहू नका. नवीन माणसाला तुमच्याकडून कळून घ्यायचं असतं ते इतकंच, की या वाढीतला तुमचा वाटा किती. ते 12 आणि 41 या दोन आकड्यांत कुठेच नाही. त्यासाठी पेजवर आलेल्या भेटी लागतात.

आता हाच हिशेब मांडून बघू. एकेक महिना घेऊ नका. महिन्याला 12 चौकश्या येत असतील तर काहीही न करता एखाद्या महिन्यात 7 येतात, एखाद्यात 17. म्हणून बदलाआधीचे तीन महिने आणि नंतरचे तीन महिने घ्या, आणि नवीन पेज चढवलं तो महिना दोन्हीकडून वगळा. समजा, आधीच्या तीन महिन्यांत 2400 भेटींमधून 36 चौकश्या आल्या आणि नंतरच्या तीन महिन्यांत 4920 भेटींमधून 123. म्हणजे आधी दर शंभर भेटींमागे दीड चौकशी यायची, आता अडीच येते. पण भेटीही दुपटीहून जास्त झाल्यात, आणि त्या तुमच्यामुळे नाही. समजा, क्लायंटने त्याच काळात जाहिरातीचा खर्च वाढवला होता.

जुनं पेज तसंच असतं तर 4920 भेटींमधून जुन्या दराने साधारण 74 चौकश्या आल्या असत्या. आल्या 123. तेव्हा 36 पासून 74 पर्यंतची वाढ जाहिरातीची, आणि 74 च्या वरच्या 49 चौकश्यांवर तुम्ही हक्क सांगू शकता. तीन महिन्यांत 49, महिन्याला सोळा-सतरा. ऐकायला हे 340 पेक्षा लहान आहे, पण समोरचा खोदून विचारायला लागला की हाच आकडा उभा राहतो.

त्यातही एक चाळणी बाकी आहे. जाहिरात बदलली की येणारी माणसंही बदलतात. जास्त गरजू लोक यायला लागले तर पेज तेच असूनही दर चढतो. म्हणून जाहिरातीशिवाय, नुसत्या शोधातून आलेल्या भेटींचा दर आधी आणि नंतर वेगळा काढून बघा. तिथेही तो चढला असेल तर श्रेय घ्यायला हरकत नाही. तिथे जागचा हलला नसेल तर ‘जाहिरात आणि पेज, दोन्ही बदलांनंतर’ असं लिहायचं, नुसतं ‘मी पेज बदललं आणि’ असं नाही.

मोजणीतच घोळ असू शकतो, हे सगळ्यात आधी तपासायला हवं होतं असं पुष्कळांना नंतर कळतं. नवीन फॉर्म लावताना मोजणीचा टॅगही नव्याने लावला जातो. जुना टॅग फॉर्म खरोखर पोचल्यावर मोजत असतो आणि नवा नुसत्या बटणाच्या क्लिकवर. मग नंबर अर्धवट टाकून तीनदा बटण दाबणारा माणूस तीन चौकश्या होऊन बसतो. आभाराचं पेज रिफ्रेश केलं की पुन्हा एक, हा दुसरा प्रकार. ओळखायचं सोपं आहे: क्लायंटच्या इनबॉक्समध्ये किंवा सीआरएममध्ये त्या तीन महिन्यांत प्रत्यक्ष किती चौकश्या पडल्या ते मागवा आणि अ‍ॅनालिटिक्सशी ताडून बघा. थोडाफार फरक राहतोच, कारण ब्राउझर काही मोजणी अडवतात. पण अ‍ॅनालिटिक्स 123 म्हणतंय आणि इनबॉक्समध्ये 70 आहेत, असं असेल तर प्रोफाइलवर काही चढवण्याआधी टॅग दुरुस्त करा. प्रोफाइलसाठी शक्यतो इनबॉक्सचाच आकडा धरावा. क्लायंटला तोच ओळखीचा असतो, आणि उद्या कुणी त्याला फोन केला तर तो तोच सांगणार.

हे सगळं काम चालू असतानाच करून ठेवा. करार संपला की तुमचा अ‍ॅक्सेस जातो. शिवाय गूगल अ‍ॅनालिटिक्स 4 मध्ये तपशीलवार विश्लेषणासाठीचा डेटा मूळ सेटिंगप्रमाणे दोनच महिने ठेवला जातो. तो चौदा महिन्यांपर्यंत वाढवता येतो, पण मागचा गेलेला परत येत नाही. म्हणून पहिल्याच आठवड्यात ती सेटिंग बदला, आणि काम संपताना तारखा दिसतील असे स्क्रीनशॉट आणि एक एक्सपोर्ट फाइल क्लायंटला सांगून आपल्याकडे घ्या.

लिहायचं कसं? असं काहीतरी:

> औद्योगिक सुटे भाग विकणारी कंपनी. चौकशीचा फॉर्म 11 रकान्यांवरून 5 वर आणला, पेजची मांडणी बदलली. दर शंभर भेटींमागे 1.5 चौकश्या यायच्या, त्या 2.5 झाल्या (आधीचे आणि नंतरचे तीन-तीन महिने, 2400 आणि 4920 भेटी). याच काळात जाहिरातीचा खर्चही वाढला होता, त्यामुळे एकूण चौकश्या याहून जास्त वाढल्या. चौकश्या कंपनीच्या इनबॉक्समधून मोजलेल्या.

शेवटून दुसरं वाक्य बहुतेक जण गाळतात. ते राहू द्या. ज्या माणसाला असं काम द्यायचं असतं त्याने अशा अहवालांत हातचलाखी पाहिलेली असते. हे वाक्य वाचून त्याला कळतं की हा माणूस आपल्यालाही असाच अहवाल देईल.

क्लायंटने आकडे उघड करायला नकार दिला तर नुसते टक्के लिहिण्याची लालूच होते. ‘67 टक्के सुधारणा’ हे 1.5 ते 2.5 बद्दल खरं आहे, पण त्यातून 3 चौकश्यांच्या 5 झाल्या की 300 च्या 500, काहीच कळत नाही. अशा वेळी निदान पल्ला सांगा: ‘महिन्याला हजाराच्या आतबाहेर भेटी असलेलं पेज’. आधीच्या काळातल्या चौकश्या तीसच्याही खाली असतील तर टक्के काढूच नका, सरळ मोजलेले आकडे द्या.

आता प्रश्न उरतो की ही एकच गोष्ट का दाखवायची. सगळ्यात चांगला निकाल दाखवण्यात गैर नाही, पण तो सगळ्यात चांगला आहे हे सांगायला हवं. अमेरिकेत पूर्वी जाहिरातीतल्या चमकदार अनुभवाखाली ‘प्रत्येकाला असाच निकाल मिळेल असं नाही’ अशी ओळ टाकली की भागायचं. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने 2009 मध्ये मार्गदर्शक तत्त्वं बदलून ती पळवाट बंद केली. सर्वसाधारण निकाल काय येतो ते सांगावं, अशी तेव्हापासूनची अपेक्षा आहे. तुमच्यावर तो नियम लागू असो वा नसो, कसोटी म्हणून वापरण्याजोगी आहे.

त्यासाठी मोजलेली सगळी कामं एका कागदावर घ्या. समजा 14 कामांत आधीचा आणि नंतरचा दर तुमच्याकडे आहे. 9 ठिकाणी तो चढला, 3 ठिकाणी तसाच राहिला, 2 ठिकाणी उतरला. हे तिन्ही आकडे एका ओळीत लिहा. सरासरी देऊ नका, कारण एखाद्या कामात दर चौपट झाला असला तर तो एकटाच सरासरी वर ओढतो. बदल लहानापासून मोठ्यापर्यंत लावा आणि मधला घ्या. चौदा कामं असतील तर सातव्या आणि आठव्याच्या मधला. ज्या कामांत मोजणीच झाली नाही ती ‘मोजलेलं नाही’ म्हणून बाजूला राहू द्या. यशाच्या खात्यात ढकलू नका.

‘150+’ बद्दल आता. यादी स्प्रेडशीटमध्ये घाला आणि प्रत्येक नावापुढे तीन रकाने भरा: पैसे कुणी दिले, काम पूर्ण होऊन गेलं का, आणि शेवटचं इन्व्हॉइस कधीचं. तिसरा रकाना बिनकामाचा वाटेल, पण पुढे तोच उपयोगी पडतो. अशा याद्यांत साधारण काय निघतं ते तुमच्या 152 वर मांडून दाखवतो. 61 जणांशी फक्त फुकट सल्ल्याचा कॉल झालेला असतो. 48 जण कार्यशाळेला आलेले असतात. राहिले 43. त्यात एकाच कंपनीच्या दोन विभागांची किंवा जुन्या-नव्या नावांची मिळून 5 दुबार नावं. राहिले 38. दोन कामं अर्ध्यावर थांबून पैसे परत गेलेली. उरले 36. आणि त्या 36 मधल्या 11 कामांचं इन्व्हॉइस एजन्सीला गेलंय. थेट क्लायंट म्हणावेत असे 25.

152 चे 25 झाले की पोटात गोळा येतो, पण हा आकडा वाचणाऱ्याच्या बाजूने बघा. एकट्या माणसाने चार वर्षांत 150 कंपन्यांची कामं केली म्हटलं की वर्षाला 37 होतात, आठवड्याचं पाऊण काम. लँडिंग पेजचं नीट काम तीन-चार आठवडे चालतं हे ज्याला ठाऊक आहे, तो एकतर ‘हा थापा मारतोय’ म्हणेल नाहीतर ‘हा उरकतोय’. चार वर्षांत 25 थेट आणि 11 एजन्सीमार्फत, हे हिशेबात बसतं. बाकीचे कॉल आणि कार्यशाळाही वाया जाऊ देऊ नका. कार्यशाळेतल्या 48 जणांना ‘प्रशिक्षण दिलं’ असं वेगळं लिहा. फुकटचे कॉल मात्र सोडून द्या.

25 मधले किती पुन्हा आले तेही त्याच शीटमधून निघतं. समजा 9. मग ओळ अशी होते: ‘2021 पासून 25 कंपन्यांसाठी थेट काम, त्यांतल्या 9 नी दुसऱ्यांदा काम दिलं; याशिवाय एजन्सीमार्फत 11 कामं.’ तुमची सुरुवात ज्या वर्षाची असेल ते वर्ष घाला. परत आलेल्या क्लायंटचा आकडा ‘समाधानी’ या शब्दाचं काम विशेषण न लावता करतो. पुढे अधिकचं चिन्ह नको. 25 आहेत तर 25 लिहा, वाढले की बदला. गोल करायचंच असेल तर खाली करा: 27 असतील तर ‘25 हून अधिक’.

लोगोंचा मामला वेगळा आहे. एखाद्या कंपनीसाठी काम केलं हे शब्दांत सांगणं म्हणजे घडलेली गोष्ट सांगणं, तुमच्या करारात गोपनीयतेची अट नसेल तर. लोगो ही बहुधा त्या कंपनीची नोंदवलेली खूण असते, आणि ती तुमच्या पानावर लावली की तिचा तुम्हाला पाठिंबा आहे असं दिसतं. त्यामुळे नाव आणि लोगो यांची परवानगी वेगवेगळी मागायची. आधी करार उघडा आणि ‘प्रसिद्धी’, ‘नावाचा वापर’, ‘गोपनीयता’ या कलमांत काय म्हटलंय ते वाचा. कलम काहीच बोलत नसेल तर त्याचा अर्थ होकार असा लावू नका, विचारा.

एजन्सीमार्फत केलेल्या कामात तुमचा करार एजन्सीशी असतो, त्या मोठ्या कंपनीशी नाही. लोगो द्यायचा अधिकार एजन्सीलाही बहुधा नसतो. पुष्कळदा उपकंत्राटात शेवटच्या ग्राहकाचं नावही घ्यायचं नाही असं लिहिलेलं असतं. अशा ठिकाणी परवानगी मिळाली तर नावासोबत ‘एजन्सीमार्फत’ हा शब्द त्याच ओळीत, त्याच आकाराच्या अक्षरांत हवा. तळटीप म्हणून नको. परवानगी नाही मिळाली तर ‘एका मोठ्या विमा कंपनीचं क्लेम फॉर्मचं पेज, एजन्सीमार्फत’ एवढंच. पण उद्योग, शहर, आकार आणि वर्ष असे चार धागे एकत्र देऊ नका, त्यातून नाव आपोआप उघड होतं.

कार्यशाळेला एखाद्या बड्या बँकेतले दोघे स्वतःच्या खिशातून पैसे भरून आले म्हणून बँकेचा लोगो लावणं, हा प्रकार सगळ्यात लवकर उघडा पडतो. तुमच्याशी नव्याने ओळख झालेल्या माणसाचा त्या बँकेत कुणीतरी ओळखीचा निघतो, तो मार्केटिंग विभागात विचारतो, आणि तिथे तुमचं नाव कुणालाच माहीत नसतं.

परवानगी मागताना गोल गोल लिहिलं की उत्तर येत नाही. तुमचा संपर्क ज्या मॅनेजरशी आहे त्याला बहुतेक वेळा लोगोबद्दल ‘हो’ म्हणायचा अधिकार नसतो, तो मेल पुढे ब्रँड किंवा कायदा विभागाकडे पाठवतो. म्हणून मेल असा हवा की त्याला काही भर न घालता पुढे पाठवता येईल:

> नमस्कार मॅडम, चौकशी फॉर्मच्या कामाबद्दल माझ्या लिंक्डइन प्रोफाइलवर आणि वेबसाइटवर लिहायचं आहे. तीन गोष्टींना वेगवेगळी परवानगी हवी आहे: (1) कंपनीचं नाव, (2) लोगो, (3) सोबतचा मजकूर, आकड्यांसह. एखाद्या गोष्टीला नकार असेल तरी चालेल, कृपया क्रमांकानुसार हो किंवा नाही कळवा. लोगो द्यायचा असल्यास तुमच्या नियमांप्रमाणेची फाइल पाठवावी. जाहिरातीत किंवा प्रपोजलमध्ये वापर करणार नाही. पुढे कधीही काढायला सांगितलंत तर सात दिवसांत काढीन.

सोबत वरचा चार ओळींचा मजकूर जसाच्या तसा जोडा. ‘तीनही नाही’ असं उत्तर फारसं येत नाही. नाव आणि मजकूर हो, लोगो नाही, हे नेहमीचं. फोनवरच्या ‘टाका की, काय हरकत आहे’ वर विसंबू नका, कारण हरकत नसणारा माणूस सहा महिन्यांत नोकरी बदलतो. त्याच दिवशी ‘आपलं बोलणं झालं त्याप्रमाणे’ म्हणून मेल टाका आणि त्यावर लेखी होकार मिळेपर्यंत थांबा. लोगो मिळाला तर मूळ फाइलच वापरा. रंग बदलून सगळे लोगो एकसारखे करडे करायची फॅशन आहे, पण पुष्कळ कंपन्यांच्या नियमांत त्याला मनाई असते.

लिंक्डइनवर एक खास खड्डा आहे. क्लायंट कंपनीला अनुभवाच्या रकान्यात नोंदवलं की तिचा लोगो आपोआप येतो आणि तुम्ही त्या कंपनीच्या माणसांच्या यादीत दिसायला लागता, जणू तिथे नोकरीला होता. कुणाची परवानगी न मागता लोगो मिळतो म्हणून हे खूप जण करतात. कंपनीचा एचआर मात्र ते बघतो. अनुभवात तुमचा स्वतःचा व्यवसाय एकच नोंदवा आणि क्लायंटची नावं त्याच्या वर्णनात लिहा. पूर्वी नोकरीत असताना केलेलं काम त्या नोकरीच्या नोंदीखालीच राहू द्या आणि तिथे तुमच्या टीममध्ये किती जण होते ते लिहा.

जागा कुठे कशाला द्यायची, हे त्या मानाने सोपं आहे. नावाखालच्या ओळीला 220 अक्षरं मिळतात. तिथे काय काम करता ते आणि एकच आकडा, 25 चा. परिचयाला 2600 अक्षरं मिळतात, पण उघडून न बघता सुरुवातीच्या दोन-तीन ओळीच दिसतात. म्हणून 14 कामांचा हिशेब तिथे वरच यावा. सविस्तर उदाहरणं फीचर्डमध्ये, दोन किंवा तीन. त्यांतलं एक मधल्या निकालाचं असू द्या. शक्य असेल तर त्याच कामांतल्या क्लायंटकडून रेकमेंडेशन मागा. ते त्या माणसाच्या स्वतःच्या प्रोफाइलला जोडलेलं असतं, त्यामुळे वाचणारा थेट त्याच्याकडे जाऊन विचारू शकतो. मजकूर तुम्ही लिहून देऊ नका. ‘फॉर्मबद्दल आणि वेळेबद्दल दोन वाक्यं लिहाल का’ एवढं सांगितलं तर पुरतं. सगळी रेकमेंडेशन एकाच आठवड्यात आलेली दिसली की ती मागवल्याचं लगेच कळतं. तेव्हा प्रत्येक काम संपेल तसतसं मागा.

प्रत्येक दाव्यामागे एक फोल्डर ठेवा: इन्व्हॉइस, परवानगीचा मेल, तारखांसह एक्सपोर्ट, आणि वाटा कसा काढला त्याची चार ओळींची नोंद. नवीन माणसाने ‘हे 49 कुठून आले’ विचारलं तर आकडे ज्या परवानगीत बसतात तेवढे दाखवायचे, क्लायंटचे खासगी स्क्रीनशॉट पाठवायचे नाहीत. एका क्लायंटचा डॅशबोर्ड दुसऱ्याला दाखवलात तर त्याला एवढंच दिसतं की उद्या त्याचाही असाच कुणाला तरी दाखवला जाईल. त्याऐवजी ‘त्यांच्याशी बोलणं करून देतो’ म्हणा, पण आधी त्या क्लायंटला विचारून.

दर सहा महिन्यांनी ती स्प्रेडशीट उघडा. इन्व्हॉइसच्या तारखांचा रकाना इथे कामाला येतो: तीन वर्षांपूर्वीच्या कामापुढे वर्ष घाला, विलीन झालेल्या किंवा नाव बदललेल्या कंपन्यांचे लोगो उतरवा, आणि परवानगी देणारा माणूस कंपनी सोडून गेला असेल तर नव्या माणसाला जुना मेल जोडून एक ओळ कळवा. क्लायंटने नंतर तुमचं पेज काढून दुसऱ्याकडून नवीन करून घेतलं असेल तर निकाल खोटा ठरत नाही, पण जिवंत पेजची लिंक काढा. तिथे आता दुसऱ्याचं काम दिसतंय.